ओएसपीएफ: एरिया पाडले आणि डेटाबेस उलट फुगला

खटपट्या

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १५० राउटर आहेत आणि परवापर्यंत सगळे एकाच एरिया ० मध्ये होते. शाखांच्या लिंक वरखाली झाल्या की सगळीकडे एसपीएफ चालायचा आणि शाखांमधल्या जुन्या खोक्यांचा सीपीयू वर जायचा. म्हणून पाच एरिया पाडले. प्रत्येक एरियात २८ शाखा-राउटर आणि दोन एबीआर. प्रत्येक शाखेची एक लिंक एबीआर-अ कडे, दुसरी एबीआर-ब कडे, शिवाय शाखेत दोन लॅन. दहा एबीआर एकमेकांना कड्यासारखे जोडलेले आहेत आणि ते कडं म्हणजेच एरिया ०. सगळ्या लिंक पॉइंट-टू-पॉइंट.

बदल झाल्यावर एसपीएफ खरंच कमी झाले. पण एरिया १ मधल्या एका शाखेत हे दिसतंय:

```
Area 1 database summary
  LSA Type      Count    Delete   Maxage
  Router        30       0        0
  Network       0        0        0
  Summary Net   916      0        0
```

आधी याच राउटरवर १५० राउटर एलएसए होते आणि Summary Net शून्य. आता ९४६. राउटिंग टेबलमधले रूट तेवढेच आहेत. एरिया पाडले की ओझं कमी होतं असं सगळीकडे वाचलं होतं, मग हे काय झालं? काही तरी चुकीचं कॉन्फिगर झालंय का?

निळा_पतंग

चुकलं काही नाही, एरियाचा फायदा मुळात कागदावरच जास्त असतो. एका एरियात लिंक पडली की एबीआर दुसऱ्या एरियांना टाइप ३ पाठवणारच. तो आला की तिथल्या राउटरांना पुन्हा डायक्स्ट्रा चालवावा लागतो. म्हणजे काम तेवढंच, वर टाइप ३ ची भर. फायदा होतो तो फक्त बाहेरून आणलेल्या रूटचा, कारण टाइप ५ एरियाच्या हद्दीवर थांबतात.

बिनतारी_बाबा

पतंगराव, टाइप ३ ची भर पडते हे तुमचं बरोबर आहे. बाकीच्या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत.

आधी टाइप ५. एरियाची हद्द त्यांना अडवत नाही, ते सगळ्या साध्या एरियांतून जसेच्या तसे फिरतात. त्यांना अडवायचं तर एरिया स्टब किंवा एनएसएसए करावा लागतो. नुसतं एरिया १, एरिया २ असं नाव दिल्याने एकही टाइप ५ कमी होत नाही.

आता मुख्य मुद्दा. एरियाच्या आत राउटर एकमेकांना नकाशा देतात: मी कोण, माझे शेजारी कोण, प्रत्येक लिंकची किंमत किती. हा टाइप १. एबीआर मात्र हा नकाशा पलीकडे नेतच नाही. तो हद्दीवर फक्त पाटी लावतो: अमुक प्रीफिक्स माझ्यामार्फत, किंमत ११. पाटी वाचणाऱ्याला आत किती वळणं आहेत ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. म्हणून टाइप ३ बदलला की झाड नव्याने बांधावं लागत नाही. त्या एबीआरपर्यंतचं अंतर आधीच काढलेलं असतं. त्यात पाटीवरची किंमत मिळवायची आणि तेवढा एक रूट बदलायचा. १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्येही हा हिशेब असाच वेगळा लिहिलेला आहे. सिस्कोवर `show ip ospf statistics` बघा, Intra आणि Summ असे वेगळे रकाने दिसतील. Reason मध्ये R असेल तर कुणाचा तरी टाइप १ बदललाय. नुसतं SN असेल तर फक्त पाटी बदललीय.

खटपट्या, तुमच्या आकड्यांत चूक नाही. आज घरी पोचल्यावर हिशेब मांडून टाकतो.

उंबरठा

माझा थोडा वेगळा प्रश्न. आमच्याकडे एरिया १ आणि एरिया २ च्या शाखांमध्ये एक सरळ फायबर आहे. टाइप ३ इतके वाढतात तर बॅकबोनमधून फिरवायचंच कशाला? तो मधला राउटर दोन्ही एरियांत टाकला की काम झालं ना? एरिया म्हणजे शेवटी व्हीएलॅनसारखंच, इकडून तिकडे राउट केलं की झालं.

बिनतारी_बाबा

नाही होणार. व्हीएलॅनशी याचा संबंध नाही. व्हीएलॅन ब्रॉडकास्ट वेगळा करतो, इथे माहितीची हद्द आखलेली आहे. सिस्कोवर, एरिया ० मध्ये पाय नसलेला राउटर दोन एरियांत असला तरी एबीआर होत नाही. तो एका एरियाची माहिती दुसऱ्यात ओतणारच नाही.

हा नियम कुणाचा हट्ट नाही. एरियाच्या आत प्रत्येकाकडे नकाशा असतो, त्यामुळे चक्कर बसली तर ती नकाशातच दिसते. एरियांच्या मध्ये आपण पाटीवर विश्वास ठेवतो, आणि पाट्यांवरून पाट्या लिहायला लागलो की एक दिवस स्वतःचीच पाटी फिरून आपल्याकडे येते. म्हणून एबीआर दुसऱ्या एरियांच्या पाट्या फक्त एरिया ० मधल्याच वाचतो. सगळे एरिया एका मध्याला जोडलेले आणि एकमेकांना थेट नाहीत, अशी रचना असेल तर चक्कर बसायला जागाच उरत नाही.

उंबरठा

मग तो फायबर वाया?

बिनतारी_बाबा

वाया कशाला, तो एरिया ० मध्ये घ्या आणि दोन्ही टोकांचे राउटर एबीआर होऊ द्या. पण मग ते राउटर बॅकबोनचं ओझं घेण्याइतके दमदार हवेत, आणि मधला फायबर तुटला तर एरिया ० चे दोन तुकडे होणार नाहीत ना तेही बघा. तो वेगळा धागा होईल.

दगडफोड्या

मी जरा विरुद्ध बाजू घेतो. १५० राउटर म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. एका एरियात ५० पेक्षा जास्त राउटर नकोत हा जुना सल्ला त्या काळच्या प्रोसेसरवरून निघाला होता. आज १५० गाठी आणि तीनशेच्या आत लिंक असलेलं झाड काही मिलिसेकंदांत बांधून होतं. खटपट्या, तुमचं खरं दुखणं म्हणजे फडफडणाऱ्या लिंक. एसपीएफचे टायमर नीट लावले असते, वाईट लिंकवर डँपनिंग लावलं असतं तर एकच एरिया निवांत चालला असता. आता एरिया, एबीआर, समरी, सगळं सांभाळत बसा.

खटपट्या

दगडफोड्या, टायमर लावले होते. `timers throttle spf` मुळे सीपीयू शांत झाला, पण मग खरी लिंक पडली तरी सगळे थांबून राहायचे. ते वापरणाऱ्यांना चाललं नाही. शिवाय शाखांमधली खोकी खरंच जुनी आहेत, ती बदलायला पैसे मिळणार नाहीत.

बाबा, हिशेबाची वाट बघतोय.

बिनतारी_बाबा

हा घ्या.

प्रत्येक एरियात २८ शाखा. प्रत्येक शाखेचे दोन लॅन आणि दोन /३०, म्हणजे चार प्रीफिक्स. एका एरियाचे ११२. एरिया १ मधल्या राउटरला बाकीच्या चार एरियांचे ४४८ प्रीफिक्स कळायला हवेत. एरिया १ ला एबीआर दोन आहेत आणि दोघेही प्रत्येक प्रीफिक्सची आपापली पाटी लावतात. ४४८ दुणे ८९६. उरले २० ते बॅकबोनच्या कड्यातल्या दहा लिंकचे, पुन्हा दुप्पट. झाले ९१६.

आधी हेच प्रीफिक्स कुठे होते? टाइप १ च्या पोटात. एका शाखेचा टाइप १ तिचे दोन शेजारी आणि चारही प्रीफिक्स एकत्र घेऊन फिरतो. शीर्षकाचे २४ बाइट आणि सहा नोंदींचे प्रत्येकी १२, एकूण ९६. टाइप ३ मध्ये मात्र एका एलएसएत एकच प्रीफिक्स, २८ बाइट. म्हणजे गठ्ठा सोडून सुटे कागद केल्यासारखं झालंय. बाइटमध्ये मोजलं तर तुमचा जुना अख्खा डेटाबेस सुमारे २१ हजार होता, आता एरिया १ मधला सुमारे ३० हजार आहे. नुसती संख्या नाही, आकारही वाढलाय. आणि प्रत्येक एलएसए अर्ध्या तासाने ताजा करावा लागतो, तेव्हा ते ९१६ कागद दर अर्ध्या तासात एकदा पुन्हा फिरणार.

एरिया ० मध्ये तर त्याहून जास्त: पाच एरियांचे ५६० प्रीफिक्स, प्रत्येकी दोन एबीआर, म्हणजे ११२० टाइप ३.

मग मिळालं काय? झाड लहान झालं. आधी १५० गाठी आणि २९० लिंक होत्या, आता एरिया १ मधल्या शाखेसाठी ३० गाठी आणि ५६ लिंक. एरिया ३ मधली लिंक फडफडली तर तिथले ३० राउटर झाड बांधतात. उरलेल्या १२० राउटरांना फक्त पाट्या दुरुस्त कराव्या लागतात. तुमचे एसपीएफ कमी झाले ते यामुळे.

म्हणजे नकाशा लपवायचं काम झालंय. प्रीफिक्स लपवायचं काम एरिया आपणहून करत नाही, ते तुम्हाला सांगावं लागतं. प्रत्येक एबीआरवर:

```
router ospf 1
 area 1 range 10.1.0.0 255.255.0.0 cost 100
```

पाचही एरियांना असं केलंत तर एरिया १ मध्ये ३० टाइप १ आणि २८ टाइप ३ राहतील, त्यातले २० बॅकबोनच्या लिंकचे. एरिया ० मध्ये ११२० ऐवजी दहा. आणि एरिया ३ मधला /३० पडला तर बाहेर काहीच जाणार नाही, कारण 10.3.0.0/16 ची पाटी जागेवरच आहे.

निळा_पतंग

ओके, पण मग शेवटी `cost 100` कशाला? ते नाही दिलं तरी समरी होतेच की. आम्ही कधीच देत नाही.

बिनतारी_बाबा

चांगला प्रश्न. समरीची किंमत कुठून येते? आतल्या प्रीफिक्सच्या किमतींतून. जुन्या आरएफसी १५८३ मध्ये सगळ्यांत कमी किंमत घ्यायची, २३२८ मध्ये सगळ्यांत जास्त. सिस्कोच्या आयओएसवर मूळ सेटिंग जुन्या पद्धतीचं असतं, `compatible rfc1583`. बऱ्याच जणांनी ते काढलेलं असतं आणि कुणी काढलं हे कुणालाच आठवत नसतं.

खटपट्यांचं उदाहरण घेऊ. शाखेच्या लिंकची किंमत १०, लॅनची १. एबीआर-अ ला शाखेचा लॅन ११ ला पडतो. शाखेची एबीआर-ब कडची लिंक २० ला. सगळं ठीक असताना सर्वांत महाग प्रीफिक्स २०. आता शाखेची अ कडची लिंक पडली. अ दुसऱ्या एखाद्या शाखेतून ब कडे, तिथून त्या शाखेकडे जाईल: १०, १०, १० आणि लॅनचा १. झाले ३१. नव्या पद्धतीत समरीची किंमत २० वरून ३१ होते आणि टाइप ३ पुन्हा निघतो. लिंक परत आली की ३१ वरून २०, पुन्हा एक. म्हणजे समरी लावूनही लिंकची फडफड बाहेर जाते, फक्त प्रीफिक्स बदलतो. किंमत ठरवून दिली की हे थांबतं. जुन्या पद्धतीत सर्वांत स्वस्त १० हीच किंमत राहते, म्हणून तुम्हाला कधी जाणवलं नसेल.

ओळखायचं कसं: दुसऱ्या एरियातल्या राउटरवर `show ip ospf database summary 10.1.0.0` द्या. LS age सारखं शून्याजवळ येत असेल आणि सीक्वेन्स नंबर भराभर वाढत असेल तर समरी गळतेय.

मीरा_टी

तुमच्या त्या "दुसऱ्या एखाद्या शाखेतून ब कडे" या वाक्यावर मी थबकले. हे आमच्याकडे प्रत्यक्ष झालंय. एका शाखेची एक लिंक गेली आणि तिचा सगळा ट्रॅफिक दुसऱ्याच एका छोट्या शाखेतून जायला लागला. त्या बिचाऱ्या शाखेची लिंक तुंबली, तक्रारी तिथून आल्या, आणि आम्ही दिवसभर चुकीच्या जागी शोधत होतो. अ आणि ब मध्ये जाडजूड लिंक असताना ओएसपीएफ त्या चिंचोळ्या शाखेतून का गेला?

बिनतारी_बाबा

कारण तुमची जाड लिंक एरिया ० मध्ये होती. ओएसपीएफ आधी एरियाच्या आतला रस्ता बघतो. तो कितीही महाग असला तरी एरियाबाहेरून जाणाऱ्या रस्त्याच्या आधी निवडला जातो. इथे किमतीची तुलनाच होत नाही. अ ला आतून रस्ता मिळाला, ३१ चा का होईना, की त्याने एरिया ० मधल्या लिंककडे बघितलंच नाही.

खटपट्या, तुमची रचना नेमकी हीच आहे, त्यामुळे हे तुम्हालाही लागू. ट्रेसराउटमध्ये मध्येच एखादी अनोळखी शाखा दिसली की समजायचं.

उपाय असा की अ आणि ब यांच्यातली एक लिंक एरिया १ मध्येही हवी. वेगळी केबल नको, त्याच लिंकवर एक सबइंटरफेस एरिया १ मध्ये टाकला तरी चालतो. किंमत १ ठेवलीत तर लॅन अ ला १२ मध्ये मिळतो आणि शाखा मध्ये येत नाही.

समरी लावल्यावर ही लिंक आणखी गरजेची होते. समजा एखाद्या एरियात आतून दुसरा रस्ताच उरला नाही. समरी नसताना ब ची त्या लॅनची पाटी एरिया ० मधून अ ला दिसत होती, म्हणून तो ब कडे वळू शकत होता. आता ब फक्त /१६ सांगतो. अ स्वतःही /१६ ची जाहिरात करतोच आहे, आणि समरीसोबत त्याने स्वतःच्या टेबलात Null0 चा रूट ठेवलेला असतो. पॅकेट अ कडे आलं की सरळ कचऱ्यात, आणि अ मात्र निवांतपणे /१६ सांगत राहतो. बाहेरून बघणाऱ्याला सगळं हिरवं दिसतं.

मीरा_टी

म्हणजे त्या दिवशी आमच्याकडे समरी नव्हती हे नशीबच म्हणायचं. Null0 काढून टाकता येत नाही का?

बिनतारी_बाबा

`no discard-route internal` आहे, पण नका. तो रूट नसेल आणि अ कडे डीफॉल्ट रूट असेल तर पॅकेट डीफॉल्टने परत वर जातं, वरचा पुन्हा /१६ बघून अ कडे पाठवतो, आणि टीटीएल संपेपर्यंत खेळ चालतो. कचऱ्यात गेलेलं पॅकेट निदान लिंक तरी खात नाही.

सावनी_न

इतका वेळ वाचत होते. समरी लावा हा सल्ला सगळ्यांना देऊ नका एवढंच सांगायला आले. आम्ही सर्व्हिस प्रोव्हायडर, नेटवर्कवर एमपीएलएस. पीई राउटरचे लूपबॅक /३२ प्रत्येक टोकाला जसेच्या तसे दिसावे लागतात, कारण एलडीपीचं लेबल राउटिंग टेबलमधल्या तंतोतंत त्याच प्रीफिक्सशी जुळावं लागतं. समरीत लूपबॅक गेले की पिंग चालतं, राउटिंग टेबल छान दिसतं आणि व्हीपीएन बंद. आरएफसी ५२८३ मध्ये त्यावर वाट आहे, पण सगळ्या जुन्या खोक्यांवर ती चालत नाही. म्हणून आमचे कित्येक शे राउटर आजही एकाच एरियात आहेत आणि बरे चालतात.

दगडफोड्या

हेच म्हणत होतो मी.

बिनतारी_बाबा

सावनी, बरोबर. लूपबॅकचा पट्टा समरीबाहेर ठेवून बाकीचं गुंडाळता येतं, पण तुमच्याकडे बहुतेक प्रीफिक्स लूपबॅक आणि लिंकचेच असतील, ग्राहकांचे रूट बीजीपीत असतील. तेव्हा गुंडाळण्यासारखं फारसं उरतच नाही. खटपट्यांकडे उलट आहे, त्यांचे लॅन थेट ओएसपीएफमध्ये आहेत.

दगडफोड्या, सावनीची खोकी आणि खटपट्यांची शाखांमधली खोकी एक नाहीत, हे ध्यानात घ्या.

दगडफोड्या

खोकी बदला मग. पाच एरियांची देखभाल फुकट नसते.

खटपट्या

पैसे मिळणार नाहीत हे वर सांगून झालंय :)

आता माझी अडचण. एरिया १ चे लॅन 10.1.x.0/24 आणि त्याचे सगळे /३० 10.1.255.0/24 मध्ये बसतात. एरिया २ तसाच, 10.2 मध्ये. पण एरिया ३ मध्ये तीन शाखा अशा आहेत ज्या आधी दुसरीकडे होत्या आणि स्थलांतर होताना पत्ते सोबत घेऊन गेल्या. त्यांचे सहा लॅन 10.1 मधले आहेत. एरिया १ ची /१६ समरी केली तर त्यांचं काय?

निळा_पतंग

त्यांचे पत्ते आधी बदलावे लागतील. नाहीतर ते सगळे पॅकेट एरिया १ कडे जातील.

बिनतारी_बाबा

बदलले तर उत्तमच, पण त्याच्यासाठी अडून राहायची गरज नाही. एरिया ३ ची समरी 10.3.0.0/16. हे सहा लॅन तिच्यात बसत नाहीत, म्हणून एरिया ३ चे एबीआर त्यांची सुटी /२४ पाटी लावत राहतील. /२४ हा /१६ पेक्षा नेमका, तेव्हा पॅकेट बरोबर एरिया ३ कडे जाईल. सहा प्रीफिक्स, दोन एबीआर, बारा टाइप ३ जास्तीचे. ११२० च्या तुलनेत ते सोसायला हरकत नाही.

त्या सहांतला एखादा लॅन बंद पडला की /२४ ची पाटी निघते, मग पॅकेट /१६ धरून एरिया १ च्या एबीआरकडे जातं आणि तिथल्या Null0 मध्ये पडतं. लॅन बंदच असल्याने नुकसान नाही, पण शोधणारा माणूस एरिया १ मध्ये शोधत बसेल. तेवढं कुठेतरी लिहून ठेवा.

उंबरठा

शाखांना इतर एरियांचे रूट कळायची गरजच काय? त्यांना तर सगळं अ किंवा ब कडेच पाठवायचंय.

बिनतारी_बाबा

उंबरठा, हा मात्र अगदी मुद्द्याचा प्रश्न. गरज नाहीच. एबीआरवर `area 1 stub no-summary` आणि आतल्या शाखांवर नुसतं `area 1 stub`. मग शाखेला टाइप ३ म्हणून फक्त डीफॉल्ट रूट मिळतो, प्रत्येक एबीआरकडून एक. ९१६ चे दोन. टाइप ५ ही येणार नाहीत. जुन्या खोक्यांसाठी याहून स्वस्त काही नाही.

दोन गोष्टी. एरियातल्या प्रत्येक राउटरवर stub हवंच. एकावर राहिलं तर हॅलोमधला ई-बिट जुळत नाही आणि तो शेजारी होतच नाही. म्हणून हे कामाच्या वेळात करू नका. दुसरं, याने एरिया १ च्या आतलं ओझं जातं, पण एरिया १ चे ११२ प्रीफिक्स बाहेर जायचे ते जातातच. बाहेरचं कमी करायला `range` च लागतं. दोन्ही वेगवेगळ्या दिशांचे दरवाजे आहेत, एक बंद केला म्हणून दुसरा बंद होत नाही.

सावनी_न

आणि स्टबमध्ये एएसबीआर चालत नाही. खटपट्या, एखाद्या शाखेत कुणी `redistribute static` करून ठेवलंय का बघा. असतंच कुणीतरी.

खटपट्या

आहे. एरिया ४ मध्ये एका शाखेत भागीदार कंपनीची फायरवॉल आहे, तिचे स्टॅटिक रूट तिथूनच येतात.

आज रात्री एरिया १ आणि २ ला `range` लावतो, अ-ब सबइंटरफेससकट. बाकीचे नंतर.

खटपट्या

झालं. आधी सबइंटरफेस, मग समरी, हा क्रम ठेवला. एरिया ० मधले टाइप ३ ११२० वरून ६७६ वर आले. बाबांच्या हिशेबाप्रमाणे तीन एरियांचे ६७२ आणि नवे चार, बरोबर जुळतं. मग एरिया १ मधली एक लिंक मुद्दाम बंद-चालू केली. एरिया ५ मधल्या शाखेत `show ip ospf` मधला एसपीएफचा आकडा हलला नाही, आणि 10.1.0.0 च्या एलएसएचा सीक्वेन्स नंबरही तसाच राहिला. ट्रेसराउटमध्ये मधली शाखा नाही.

एक गोष्ट खटकली. एरिया १ ची दोन्ही एबीआरवरची किंमत १०० असल्याने दुसऱ्या एरियातून येणारा ट्रॅफिक जो एबीआर जवळ त्याच्याकडेच जातो. काही मोठ्या शाखांची ब कडची लिंक जास्त वेगाची आहे, पण बाहेरच्यांना ते आता दिसत नाही.

बिनतारी_बाबा

दिसणार नाहीच, पाटीवर एकच किंमत मावते. अ-ब मधली लिंक जाड आहे, तेव्हा अ कडे आलेलं पॅकेट आतून ब कडे वळवता येईल, शाखेच्या अ कडच्या लिंकची किंमत वाढवून. एक उडी जास्त. ते नको असेल तर त्या मोजक्या शाखांचे प्रीफिक्स समरीबाहेर ठेवता येतात का बघा, पण `range` च्या आत बसणारं सुटं बाहेर काढणं सरळ नाही, पत्त्यांचे लहान तुकडे पाडावे लागतील. मी असतो तर राहू दिलं असतं.

मीरा_टी

मी नसतं राहू दिलं. वेगाच्या लिंकचे पैसे दर महिन्याला भरतो आपण.

दगडफोड्या

आणि एका एरियात हा प्रश्नच आला नसता.

खटपट्या

यावर इथे कार्यालयातही दोन तट पडलेत. एरिया ४ चं सांगा, स्टॅटिक तिथेच राहणार आहेत.

सावनी_न

`area 4 nssa no-summary` एबीआरवर, आत सगळीकडे `area 4 nssa`. फायरवॉलचे रूट आत टाइप ७ म्हणून फिरतील आणि हद्दीवर त्यांचे टाइप ५ होतील. हे भाषांतर दोन एबीआरपैकी एकच करतो, ज्याचा राउटर आयडी मोठा तो. तुमच्याकडे तो अ आहे की ब, हे आधी बघून ठेवा, आणि तोच रीलोड करून बघा भागीदाराचा ट्रॅफिक किती वेळ थांबतो ते.